नावापुरते लग्न कायद्याला ठाऊक नाही

‘मी ३१ वर्षांची, कोथरूडला आईबाबांजवळ राहते. मला मुली आवडतात हे घरी माहीत नाही. स्थळे बघणे सुरू आहे. माझा एक समलिंगी मित्र म्हणतो, आपण दोघे नावापुरते लग्न करू, दोन्ही घरे शांत होतील. करू का, की घरी खरे सांगू? तुम्ही बाहेर राहता, तुम्हाला काय वाटते?’

मी नेदरलँड्समध्ये राहते. इथे १ एप्रिल २००१ पासून दोन स्त्रियांना लग्न करता येते आणि माझी बायको याच देशातली आहे. पुण्यात उतरल्यावर मात्र ती कायद्याच्या दृष्टीने माझी कोणीच नसते. माझा चुलतभाऊ दर वेळी म्हणतो, ‘३७७ गेले, आता अडचण कसली?’ त्याचे अर्धेच बरोबर आहे. कलम ३७७ वरच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण लग्नाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. त्यामुळे ‘इकडे निघून या’ एवढे सांगून मी मोकळी होऊ शकत नाही.

तुमच्या मित्राचा बेत कोणा अजाण मुलीला फसवण्याचा नाही, ही त्यातली खरोखर चांगली बाजू आहे. तरीही मी तो करू नका असेच म्हणेन, आणि याचे पहिले कारण व्यवहाराचे आहे. तुम्ही दोघे ते लग्न नावापुरते मानाल, पण कायदा ते पूर्ण लग्न मानेल. समजा, तुम्ही स्वतःच्या पगारातून बाणेरला फ्लॅट घेतला आणि मृत्युपत्र न करता तुमचे काही बरेवाईट झाले. मूल नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तो फ्लॅट नवऱ्याकडे जातो. नवरा हयात नसेल, तर तुमच्या आईबाबांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो. ज्या मैत्रिणीबरोबर तुम्ही आयुष्य काढले असेल, तिचे नाव या यादीत कुठेच नसते. दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्र केले तर हे टाळता येते, परंतु लग्नाच्या गडबडीत ते कोण करते?

मोडण्याचेही तसेच. माझी एक वकील मैत्रीण पुण्यात कौटुंबिक खटले चालवते. ती म्हणते, ‘करताना दोघे एकमताचे असतात, मोडताना एकाला घाई असते आणि दुसऱ्याला आईची भीती.’ परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी आधी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते, अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावे लागते (ही मुदत न्यायालय माफ करू शकते) आणि शेवटपर्यंत दोघांची संमती टिकावी लागते. एकमेकांत लिहून ठेवलेल्या अटी न्यायालय पाळायला लावेल, अशी आशा तिला नाही.

दुसरे कारण घरातले आहे. सासूबाई पंधरा दिवस राहायला आल्या की दुसऱ्या खोलीतली गादी त्या उठण्याआधी गुंडाळून कपाटावर ठेवावी लागते. मग मंगळागौर, मग ‘गोड बातमी कधी?’, आणि दोन वर्षांनी डॉक्टरची चिठ्ठी. आज दोन माणसांपासून लपवायचे आहे, उद्या चौघांपासून लपवावे लागेल. माझी मावशी यावर म्हणाली, ‘माझेही मनाविरुद्धच झाले, सवय होते.’ तिच्या दुःखाचा मला आदर आहे, पण तिला रोज नाटक करावे लागले नव्हते.

म्हणून खरे सांगावे, पण पाहुणे चहाला बसलेले असताना नव्हे. आधी स्वतःच्या नावाचे बँक खाते, पासपोर्ट आणि पदवीची कागदपत्रे आपल्या ताब्यात घ्या, आणि चार महिने भाडे भरता येईल एवढी रक्कम बाजूला ठेवा. नोकरी सोडायला लावतील किंवा कोंडून ठेवतील अशी शंका असेल, तर आधी बाहेर पडा आणि मग सांगा. तसे नसेल, तर दोघांपैकी जो जास्त ऐकून घेतो त्याला एकट्याला सांगा. पहिल्या दिवशी होकार मागू नका. फक्त स्थळे थांबवायला सांगा. आईवडिलांशी बोलणारे समुपदेशक पुण्यात आहेत; समपथिक ट्रस्टने हे काम बरीच वर्षे केले आहे.

आई कधी सावरेल हे मी सांगू शकत नाही. माझी आई सावरली, पण वडील अजून माझ्या बायकोशी फोनवर बोलत नाहीत. मित्राला नकार देताना मात्र त्याला एकटे सोडू नका. त्याच्या घरीही याच आठवड्यात कोणीतरी पत्रिका घेऊन आले असेल, आणि तुम्ही नाही म्हटल्यावर तो एखाद्या अजाण मुलीला होकार देण्याची शक्यता आहे. त्याला तसे करू नकोस असे स्पष्ट सांगणारे तुमच्याशिवाय कदाचित कोणी नसेल.