सामान हलवलं, आता पैसे हलवा

ऑफर लेटरमध्ये ऐटीत लिहिलेलं असतं, 'स्थलांतर खर्च 50,000 रुपयांपर्यंत'. त्यातला 'पर्यंत' कुणी वाचत नाही आणि एचआरही तो वाचून दाखवत नाही. पुण्याहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवून क्लेम टाकला की फायनान्सवाले जागे होतात. म्हणे पॅकर्स-मूव्हर्सचं कोटेशन चालणार नाही, जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल हवं, तेही तुमच्याच नावाने, सोबत बिल्टी आणि बँकेतून पैसे भरल्याचा पुरावा. अहो, हे ट्रक भरायच्या आधी सांगा की! मूव्हर 'रोख द्या, जीएसटी वाचेल' म्हणतो, माणूस हो म्हणतो आणि तिथेच क्लेम मरतो. पक्कं बिल नंतर मागितलं तर तो फोनच उचलत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे बिलं न मागता रक्कम थेट पगारात टाकणारे. ती पगार म्हणूनच करपात्र धरतात. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून 15,600 कापले जातात, हातात येतात 34,400. मूव्हरचं बिल मात्र 42,000.

आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर वसुली किती? बऱ्याच करारांत पूर्ण 50,000! कापलेला कर तुमचा तुम्ही रिटर्नमध्ये निस्तरा. सही करण्याआधी ईमेलवर एवढंच विचारून घ्या: बिलावर देणार की पगारात, क्लेमची मुदत किती आणि वसुली हातात आलेल्या रकमेची की पूर्ण. फोनवरचं 'हो हो, मिळेल' फायनान्सला ऐकू येत नाही.