बोर्डात भोक आहे ना, मग घाला!

एक्स्टेन्शन बोर्ड विकत घेताना सगळ्यात आधी भोकं मोजा. जेवढी भोकं जास्त तेवढा बोर्ड दमदार, हा साधा हिशोब आहे. कंपनीने आठ भोकं दिली आहेत म्हणजे आठही वापरण्यासाठीच दिली असणार. बोर्डाच्या मागे बारीक अक्षरात जे काही लिहिलेलं असतं ते चष्मा लावूनही वाचू नका. ते दुकानदारासाठी असतं.

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या पोरांना शिकवते. त्यामुळे आमच्या घरात विजेबद्दल माझं कुणी ऐकत नाही, हे ओघानेच आलं. यंदा गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या हॉलमध्ये जे घडलं त्यातून मी काही मौलिक सूचना गोळा केल्या आहेत. त्या तुमच्या उपयोगी पडाव्यात.

पहिली सूचना अशी की बोर्ड मखराच्या मागे, पडद्याच्या कापडाखाली ठेवावा. वायरी दिसत नाहीत, फोटो छान येतात. आमच्याकडे तसंच होतं. बोर्डावर चार लाइटच्या माळा, गौरींवर सोडलेले दोन फोकस, आरतीसाठी छोटा स्पीकर आणि वायफायचा राउटर, एवढं आमचं. पाहुणे आले तसे त्यात सहा मोबाइल वाढले. पुतण्याचं ‘वर्क फ्रॉम होम’ सणालाही सुटत नाही, म्हणून त्याचा लॅपटॉप. भोकं संपली तेव्हा एकात मल्टिप्लग घुसवला, त्याच्या वरच्या भोकात दुसरा मल्टिप्लग. हा मनोरा स्वतःच्याच वजनाने पुढे कलला होता, म्हणून त्याला मागून पाट लावून टेकू दिला. टेकू द्यायचं ज्याला सुचलं त्याची बुद्धी कमी नाही, हे मला मान्य आहे.

आता लोड. चार्जरचा लोड मोजायची आमच्या घरातली पद्धत फार सुंदर आहे. आमच्या हुशार पुतण्याने चार्जर उलटा करून वाचलं, ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’. मोबाइलच्या चार्जरवर २ आणि ३ अँपिअर. त्याने तोंडी बेरीज केली, वीसच्या वर गेली, बोर्ड ६ अँपिअरचा आणि तरी सगळं व्यवस्थित चालू! यावरून त्याने निष्कर्ष काढला की हे आकडे लोकांना घाबरवायला छापतात. बाळा, ते चार्जरच्या पलीकडचे अँपिअर आहेत, तुझ्या लॅपटॉपकडे जाणारे. वीस व्होल्टवरचे सव्वातीन अँपिअर म्हणजे ६५ वॅट. भिंतीतून २३० व्होल्टवर तेवढ्या वॅटला जेमतेम तीस शतांश अँपिअर पुरतो. इनपुटसमोर जो दीड अँपिअर छापलेला असतो तोही १०० व्होल्टवर चालणाऱ्या देशांची सोय पाहून लिहिलेला कमाल आकडा असतो. तोही बेरजेत धरायचा नाही. अँपिअरची बेरीज करूच नये, वॅटची करावी आणि शेवटी एकदाच २३० ने भागावं. चौथीतला भागाकार आहे.

तर आमच्या बोर्डाची बेरीज: माळा ४०, फोकस ४०, स्पीकर ३०, राउटर १०, सहा मोबाइल प्रत्येकी वीस धरून १२०, लॅपटॉप ६५. सगळे मिळून ३०५ वॅट, म्हणजे सव्वा ते दीड अँपिअर. छोटे चार्जर या हिशोबापेक्षा थोडा जास्त करंट खेचतात, म्हणून दुप्पट धरा, तरी तीनच्या आत. म्हणजे तो सगळा राक्षसी पसारा, ज्याकडे बघून सासूबाई ‘किती हो लोड’ म्हणून हळहळत होत्या, तो बेरजेत बसत होता.

मग भाऊजी किटली घेऊन आले.

स्वयंपाकघरात चारही शेगड्या अडकलेल्या, वीस माणसांचा चहा. ‘वहिनी, तुमचा गॅस नको, मी इथेच करतो.’ सेवाभाव मोठा! किटली दीड हजार वॅटची. तिची पिन जाड, बोर्डाची भोकं बारीक. इथे एखादा थांबला असता. भाऊजींनी खिशातून कन्व्हर्टर काढला. हो, खिशातून. जाड पिन बारीक भोकात घालायची ही डबी काही लोक देवाच्या ताईतासारखी जवळ बाळगतात. अहो, ती पिन जाड केलीय ती शोभेला नाही. ती त्या भोकात जाऊ नये म्हणून जाड केलीय! पिन बसत नाही याचा अर्थ ‘इथे लावू नका’ असा असतो, ‘बाजारात जा’ असा नसतो. तीनशे पाचात दीड हजार मिळवा, १८०५ वॅट. भागिले २३०, जवळजवळ आठ अँपिअर. बोर्ड सहाचा. सहा अँपिअर म्हणजे फार तर १३८० वॅट, आणि तासन्‌तास चालायचं असेल तर शहाण्याने अकराशेच्या पुढे जाऊ नये. किटली एका खेपेला पाचेक मिनिटं घेते. पण वीस कपांसाठी ती पुन्हा पुन्हा भरली जात होती, अर्धा तास अखंड.

त्यात धाकट्या जाऊबाईंना साडीच्या निऱ्यांवर इस्त्री फिरवायची होती. हजार वॅट. कुठे लावली ते सांगायला हवं का?

२८०५ वॅट. बारा अँपिअर. सहाच्या बोर्डावर, सहाच्या भिंतीतल्या सॉकेटमधून. करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. आणि ती वायरभर सारखी पसरत नाही. जिथे पिन आणि आतली पितळी पट्टी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे ती साठते. आमचा भिंतीतला सॉकेट जुना, पट्ट्या सैल झालेल्या, प्लग कधीमधी आपोआप बाहेर यायचा. अशा सैल सांध्याला एक दशांश ओहम अडथळा धरला तर एका अँपिअरला तिथे एक दशांश वॅट उष्णता, काहीच नाही. बारा अँपिअरला चौदा वॅट. चौदा वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते एका हरभऱ्याएवढ्या जागेत, चारी बाजूंनी प्लॅस्टिक. बारीक सोल्डरिंग आयर्न प्लगच्या आत चालू करून ठेवल्यासारखं झालं.

आरती चालू असताना वास आला. सगळ्यांना वाटलं धूप आहे. कुणीतरी ‘प्रसन्न वाटतंय’ असंही म्हणालं. मी टाळ खाली ठेवून मेन स्विचकडे धावले तर मागून आवाज आला, ‘अहो, आरतीत लाइट घालवू नका, अपशकुन होतो!’

प्लग थंड झाल्यावर ओढला तर एक पिन सॉकेटमध्येच राहिली. भोकाभोवती तपकिरी कडं. ते कडं एका दिवसात पडलेलं नव्हतं. तुमच्याही घरी कुठे तरी ते आहे, आणि तुम्ही ते ‘मळलंय’ समजून ओल्या फडक्याने पुसता.

दुसरी सूचना, फ्यूज सारखा जात असेल तर चॉकलेटची चांदी गुंडाळा. पुन्हा जाणार नाही, हमखास.

तिसरी, वायर लांब असेल तर छान गोल वेटोळं करून रबर लावून ठेवा, म्हणजे तिची उष्णता तिलाच पुरेल.

‘पण वहिनी, लोड जास्त असता तर एमसीबी पडला नसता का?’ हे भाऊजी. हा प्रश्न मी इतक्या लोकांकडून ऐकलाय की त्याचा एक बोर्ड करून दारावर लावावा म्हणते. नाही पडत! एमसीबी भिंतीतल्या वायरीसाठी बसवलेला असतो, तुमच्या बोर्डाशी त्याची ओळखदेखील नसते. आमचा सोळा अँपिअरचा. त्याला नियमच असा आहे की अठरा अँपिअरला त्याने तासभर पडू नये, आणि तेवीसच्या पुढे गेल्यावर तासाभराच्या आत पडावं. आमच्या बारा अँपिअरकडे तो बघणारसुद्धा नाही. त्याच्या हिशोबी घरात सगळं आलबेल आहे. आणि सैल पिनने करंट वाढतच नाही, फक्त गरम होते, मग त्याला कळणार कसं? शॉक बसू नये म्हणून जे दुसरं यंत्र असतं ते जमिनीकडे गळती झाली तरच पडतं. इथे गळती कुठे होती? म्हणजे तुमच्या बोर्डावर पहारा करायला या घरात फक्त तुमचं नाक आहे, आणि तेसुद्धा तुम्ही उदबत्तीला देऊन बसलात.

यावर उत्तर आलं, ‘इतकी वर्षं असंच चालतंय, कधी काही झालं नाही.’ जळलेला प्लग हातात धरून!

आता उपरोध पुरे. मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. मखराचं कापड, कागदी फुलं, कापूस, तुपाची समई, आणि त्यांच्या मागे सहाच्या बोर्डावर बारा अँपिअर. शेजारी दुपट्यात झोपलेली तान्ही मुलगी. तुम्ही शिकलेली माणसं आहात. मोबाइल घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल पाठ असतात आणि किटलीच्या बुडाशी लिहिलेले वॅट वाचायला तुम्हाला जड जातं? जे तापतं ते बोर्डावर लावायचं नाही. किटली, इस्त्री, हीटर, गिझर, पाण्यात सोडायचा रॉड, इंडक्शन, हेअर ड्रायर. संपलं, एवढी सात नावं. चार्जर दहा लावा, भांडण नाही, पण कापडाबाहेर लावा. ते स्वतःही तापतात. आमच्या सात चार्जरची मिळून उष्णता पडद्याखाली दोन झिरो बल्ब पेटवून ठेवल्याएवढी होती. मल्टिप्लगचे मनोरे करू नका. बोर्डाला बोर्ड जोडू नका, कारण सगळ्यांचा करंट शेवटी पहिल्याच प्लगमधून जातो. अर्ध्या तासाने बटण बंद करून प्लग काढा आणि त्याला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला, तर ते भोक बाद. टेप लावून दुरुस्त होत नाही, सॉकेट बदलावं लागतं, पट्टीची स्प्रिंग एकदा तापून मेली की परत घट्ट होत नाही.

काल भाऊजींचा फोन आला. नवीन बोर्ड आणलाय म्हणे, दहा भोकांचा, वर निळा लाइट आणि यूएसबीसुद्धा. मी विचारलं किती अँपिअरचा? तर म्हणाले, ‘थांबा, बघून सांगतो,’ आणि फोन ठेवला. अजून सांगितलेलं नाही.

आणि भाऊजी, हे वाचत असाल तर, स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी सोळा अँपिअरचा पॉइंट आहे, जाड भोकांचा, तुमच्या किटलीची पिन त्यात कन्व्हर्टरशिवाय बसते. गेली सहा वर्षं त्याच्यावर कॅलेंडर टांगलेलं आहे. ते काढा.