अंबाजोगाईच्या संरक्षक भिंतीबद्दलच्या तक्रारीवर आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "भिंत बांधून ३ महिने झाले नाहीत तर पहिल्याच झडीला पाईपांतून पाणी गळायला लागलं. ३ भोकांतून तर गढूळ पाणी येतंय. प्लॉटवरची माती फुकट असताना मागे खडी-मुरूम भरायचे वेगळे पैसे घेतले. आता दुसरा मिस्त्री म्हणतो, भोकं सिमेंटने बुजवून टाका."

नमस्कार दादा,

भोकं बुजवू नका, एवढं आधी ऐका. बाकीचं सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

तुमची भिंत ८ फूट उंच आहे. मागचा मुरूम कोरडा असला की भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण १.८ टन रेटा येतो. भोकं बंद करून पाणी वरपर्यंत तुंबलं, तर नुसत्या पाण्याचाच रेटा ३ टनांच्या आसपास जातो. पाण्यात बुडालेल्या मुरुमाचा १ टन धरला की सगळा मिळून ४ टन. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि तोही एका रात्रीच्या पावसात. पाण्याचा निचरा होणार हे धरूनच भिंतीची जाडी आणि सळई काढलेली आहे. पाईपातून पाणी येतंय म्हणजे ते मागे साठत नाही. झड लागलेली असताना भोकं कोरडी राहिली असती, तर आम्हीच धावत आलो असतो.

गढूळ पाण्याबद्दल मात्र तुमची तक्रार बरोबर आहे आणि चूक आमची आहे. काल आमचा सुपरवायझर पाहून आला. खालच्या ओळीतली पूर्वेकडून ४ थी, ५ वी आणि ६ वी, अशी लागून असलेलीच ३ भोकं गढूळ आहेत. पहिल्या एकदोन पावसांत थोडं राखाडी पाणी येतंच, ती खडीची क्रशरची भुकटी असते आणि धुऊन गेली की पाणी निवळतं. तुमच्याकडचं पाणी बाटलीत भरून तासभर ठेवलं तेव्हा तळाला बोटभर तांबूस गाळ बसला. तो मुरूम आहे. मुरूम वाहून येतोय याचा अर्थ खडी आणि मुरूम यांच्यामधलं गाळणीचं कापड कुठेतरी उघडं पडलंय.

कुठे, तेही सापडलं. कापडाचा एक रोल नेमका त्या जागी संपतो. दोन रोल एकमेकांवर किमान १ फूट चढवायचे असतात, कारण मागून मुरूम ओतून दाबताना कापड खाली ओढलं जातं. काम चालू असतानाच्या आमच्याच फोटोत तिथे जेमतेम ४ इंच दिसतात. भराव बसला आणि सांधा उकलला. त्यात गच्चीचा पाईप नंतर नेमका त्याच भागावर सोडलेला आहे, त्यामुळे अख्ख्या गच्चीचं पाणी एकाच ठिकाणी उतरून मुरूम धुतंय. तो पाईप आजच लांबवून खालच्या नालीत सोडा. भिंतीमागे गच्चीचं, न्हाणीचं किंवा टाकी भरून वाहणारं पाणी कधीच सोडायचं नाही. खडीचा निचरा पावसाच्या झिरपणाऱ्या पाण्यासाठी असतो, धारेसाठी नाही.

आता फुकटच्या मातीबद्दल. तुमच्या प्लॉटवर निघाली ती काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत वरचा चुरा, खडे पडतात. पावसाळ्यात माती फुगते, पण भेग भरलेली असल्यामुळे तिला परत जागा मिळत नाही आणि ती भिंतीलाच पुढे ढकलते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भेग, पुन्हा चुरा. भिंत दरवर्षी थोडी थोडी बाहेर झुकते ती अशी. शिवाय भिजलेल्या काळ्या मातीतून पाणी पुढे सरकत नाही, त्यामुळे मागे पाणी उभं आणि भोकं मात्र कोरडी, असा प्रकार होतो. आपल्या भागात पोट काढलेल्या जुन्या भिंती दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणींच्या मागे हीच माती निघते.

म्हणून भिंतीला लागून १ फूट जाडीची ४० एमएमची धुतलेली खडी, मग कापड, मग ९-९ इंचांच्या थरात दाबलेला मुरूम असं भरलं. ६० फूट लांबी, ८ फूट उंची आणि १ फूट जाडी म्हणजे ४८० घनफूट, जवळपास ५ ब्रास खडी. बिलात ५ ब्रासच आहे, हिशोब कुणाकडूनही ताडून घ्या. भोकं ११० च्या पीव्हीसी पाईपची आहेत, दर ५ फुटांवर, खालच्या ओळीत १२ आणि वरच्या ओळीत मधोमध सरकवून ११. प्रत्येक पाईपाला बाहेरच्या बाजूला उतार आहे. उलटा उतार राहिला असता तर पाणी आतच थांबलं असतं, म्हणून काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक पाईप लेव्हलने तपासला होता.

दुरुस्ती दोन टप्प्यांत करू, तुमच्याकडून एक रुपयाही न घेता. या आठवड्यात त्या ३ भोकांत ७५ चा पाईप सरकवू. त्याच्या आतल्या टोकाला छिद्रं पाडलेली असतील आणि ते टोक गाळणीच्या कापडात गुंडाळलेलं असेल. दोन पाईपांमधली फट बाहेरच्या तोंडाशी मसाल्याने भरू, आतला पाईप उघडाच राहील. पाणी येत राहील, मुरूम अडेल. पण हा तात्पुरता उपाय आहे, कारण कापडावर गाळ बसून ते चोंदू शकतं. एखादा पाऊस होऊन गेल्यावर शेजारच्या भोकांतून पाणी येतंय आणि या ३ मधून येत नाही असं दिसलं, तर लगेच फोन करा, आम्ही कापड बदलून देऊ.

खरी दुरुस्ती दिवाळीनंतर, भराव कोरडा झाल्यावर. ओल्या भरावात ८ फूट खोल चर खोदला तर तो मजुरांच्या अंगावर ढासळू शकतो, म्हणून पावसाळ्यात ते काम आम्ही करणार नाही. भरावावरचा काँक्रीटचा पट्टा तेवढाच तोडून, ६-६ फुटांच्या टप्प्यात आणि चराला दोन्हीकडून टेकू देत खाली जाऊ, सांध्यावर २ फूट रुंद जादा कापड चढवू, खराब झालेली खडी बदलू आणि मुरूम पुन्हा थराथरात दाबू.

तोवर दोन गोष्टी बघत राहा. त्या ३ भोकांच्या वर, काँक्रीटच्या पट्ट्यावर सळईने ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर खालचा मुरूम निघून गेलाय. तिथे गाडी उभी करू नका, मुलांना खेळू देऊ नका आणि आम्हाला कळवा. दुसरं म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून त्याच भागात ओळंबा सोडा आणि तळाशी दोरी भिंतीपासून किती अंतरावर येते ते भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. काल हे अंतर वरच्याइतकंच होतं, म्हणजे भिंत सरळ उभी आहे. दर आठवड्याला मोजा, विशेषतः परतीच्या पावसात. आकडा वाढत गेला तर रात्री-अपरात्रीही फोन करा, आणि भिंतीच्या खालच्या बाजूला कुणाला बसू देऊ नका.

७५ चे पाईप आणि कापड तयार आहे. गुरुवारी सकाळी माणसं येतील, तेव्हा गेट उघडं ठेवा.