मोगरा, जाळी आणि दुपारचं पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, तुमचा लेख वाचून ७५ टक्क्यांची हिरवी जाळी लावली, तर मोगऱ्याला कळ्याच येईनात. बेळगावात राहून नागपूरचे उपाय कशाला सांगता? इंटरनेटवरून उचललेलं दिसतंय. दुपारी झाडांनी माना टाकल्या की भरपूर पाणी घालायचं, बास. आमची आई आयुष्यभर तेच करायची. – एक वाचक, अनगोळ»

नमस्कार. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि तिसऱ्या ओळीत चोरीचा आळ घालायचा, ही कुठली रीत? माझं माहेर अथणीचं. तिथला एप्रिल मी अंगणात काढलाय. गेली एकोणीस वर्षं शहापुरात तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेकडं तोंड असलेल्या गॅलरीत कुंड्या सांभाळतेय. समोरची इमारत इतकी जवळ आहे की दुपारी त्या बोळातून वारं भट्टीच्या तोंडातून आल्यासारखं येतं. हे मला इंटरनेटनं सांगायला नको.

जाळीचं मान्य. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन लागतं, त्यामुळं ५० टक्क्यांची जाळी घ्या असं ठळक लिहायला हवं होतं. झालं समाधान?

आता तुमचं ते दुपारचं पाणी. ‘बास’ म्हणून तुम्ही जे संपवलंत, तिथंच माझा एक मोगरा गेला आणि दुसरा जाता जाता वाचला. त्यामुळं यावर मी बोलणारच.

दोन्ही मोगरे दहा इंची काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, कठड्याला लागून होते. दीड-दोन वाजता पानं लोंबायची, मी तांब्याभर पाणी ओतायची. संध्याकाळी पानं ताठ व्हायची आणि मला वाटायचं, पाण्यानं वाचवलं. एका रविवारी विसरले, पाणी घातलं नाही. तरीही सहाला पानं ताठ! म्हणजे ती पाण्यासाठी लोंबतच नव्हती. कडक उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात पानांतून पाणी जितक्या वेगानं उडतं, तितक्या वेगानं मुळं ते वर पोचवू शकत नाहीत, माती ओली असली तरी. मग पान आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं आणि ऊन उतरायची वाट बघतं. त्या वेळी ओतलेलं पाणी झाड फारसं उचलतच नाही. ते तापलेल्या मातीत साचतं, मुळांना हवा मिळत नाही. त्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी! दुपारी आमच्या नळाला येणाऱ्या पहिल्या बादलीत हात धरवत नाही. तुमच्याकडं काय गार येतं?

महिन्याभरात एका झाडाची खालची पानं पिवळी पडून गळाली. कुंडीतून गड्डा काढला, तर भिंतीच्या बाजूची मुळं पांढरी आणि पश्चिमेच्या बाजूची तपकिरी, बोटानं दाबली की साल सुटून येणारी. ऊन पानांपेक्षा कुंडीलाच जास्त लागत होतं.

दुसऱ्याची कुंडी मी तशीच चौदा इंची मातीच्या कुंडीत बसवली, मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या कोंबल्या आणि खाली दोन विटा दिल्या, म्हणजे तापलेल्या फरशीला टेकत नाही. मातीवर दोन बोटं जाडीचा वाळका पाला. जाळी झाडापासून वीतभर लांब, बारा ते पाच एवढीच. मग गुंडाळून वर. वाऱ्यालाही तीच थोडी अडवते. प्लास्टिकचा कागद लावू नका, आत उकडतं आणि वारं वरून वळून झाडावरच आदळतं.

आणि पाणी सकाळी सातला. त्याच वेळी झाड बघायचं. रात्रभर विसावूनही सकाळी पान लोंबलेलं असेल, तर बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर तहान, ओलं लागलं तर मुळांचं दुखणं. कोकोपीट मात्र एकदा खडखडीत वाळलं की वरून घातलेलं पाणी कडेनं निघून जातं. मग कुंडी अर्धा तास बादलीत बुडवायची. तहानलेलं झाड दुपारी दिसलं तर द्या की पाणी, पण बोट घालून बघून, माठातलं किंवा सावलीतल्या बादलीतलं.

तुमच्या आईंबद्दल मी काहीच म्हणत नाही. त्यांची झाडं परसात, जमिनीत असतील, तर तिथं मुळांना खाली गारवा मिळतो. तिसऱ्या मजल्यावरच्या प्लास्टिकच्या डब्याशी त्याची तुलना तुम्ही केलीत, मी नाही. नागपूरचं तर सोडूनच द्या.

पुढच्या वेळी शंका असेल तर शंका म्हणून विचारा, सांगेन. आणि फोटो पाठवलात तर बरं. सकाळी सातचा हं, दुपारचा नको.