मान एकीची, पाठ दुसरीची

तारुण्यात कधीतरी इलेक्ट्रिक गिटार वाजवली असल्याची कबुली दिलेल्या माणसाला मध्यमवयात एक विनावेतन नोकरी लागते. विकायला काढलेल्या जुन्या गिटारींचे फोटो पाहून त्या अस्सल की नक्कल, हे त्याने सांगायचे असते. हे फोटो बहुधा रात्री अकरानंतर येतात, ट्यूबलाइटखाली चादरीवर काढलेले असतात आणि स्थळाच्या फोटोंप्रमाणे त्यांत नेमके जे पाहायचे तेच अंधारात असते. सोबत एकच ओळ असते : “मामा, बघ ना जरा, उद्या सकाळी ॲडव्हान्स द्यायचाय.”

माझ्या भाच्याने पाठवलेली जाहिरात होती ‘फेंडर स्ट्रॅटोकास्टर, १९७२, ओरिजिनल, अमेरिकेतल्या काकांची’, किंमत पंचाऐंशी हजार. अमेरिकेतले काका अशा प्रत्येक जाहिरातीत असतात. या काकांनी एवढ्या गिटारी घेतल्या कधी आणि वाजवल्या कधी, हा मला पडलेला जुना प्रश्न आहे.

मी प्रथम डोके पाहतो, म्हणजे हेडस्टॉक. यामागे कायद्याचे एक कारण आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या धडाचा आकार आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून मिळावा ही फेंडर कंपनीची मागणी अमेरिकेच्या संबंधित मंडळाने २००९ मध्ये फेटाळली, कारण तोवर तो आकार इतक्या कारखान्यांनी उचलला होता की तो एकट्या फेंडरची ओळख उरलाच नव्हता. डोक्याचा आकार मात्र फेंडरच्या नावे नोंदलेला आहे. त्यामुळे धड कुणीही उजळ माथ्याने बनवावे, माथा मात्र फेंडरचा, अशी वाटणी झालेली आहे. प्रामाणिक कारखाने डोक्याची वळणे मुद्दाम थोडी बदलतात आणि अप्रामाणिक लोक ती हुबेहूब काढण्याच्या नादात कुठेतरी चुकतात. टोकाचा गोल गरगरीत हवा तिथे लंबुळका होतो, किंवा त्याच्या खालची खोबण उथळ पडते. मोबाइलच्या भिंगाने जवळून काढलेल्या फोटोत खरे डोकेही वेडेवाकडे दिसत असल्याने, समोरून आणि थोडे लांबून काढलेला फोटो मागवल्याशिवाय या बाबतीत तोंड उघडू नये.

भाच्याने तो मागवला. डोके छोटे होते आणि आकारही बरा होता. पंचाईत अशी की १९६५ च्या अखेरीपासून १९८१ पर्यंत स्ट्रॅटोकास्टरचे डोके मोठे होते. छोट्या डोक्याची १९७२ ची स्ट्रॅटोकास्टर म्हणजे इतिहासाने कारखान्याला दिलेली हूल होय.

त्या डोक्यावरचे ‘फेंडर’ हे नाव बारीक, सोनेरी, शेवयांसारख्या वळणाचे होते, आणि जाणकार त्याला ‘स्पॅगेटी लोगो’ म्हणतात. तो १९६४ च्या सुमारास मागे पडला, आणि १९६८ पासून ठसठशीत काळी अक्षरे आली. विक्रेत्याने वर्षाला शोभेलसा नव्हे, तर स्वतःला आवडलेला लोगो लावला होता. असे डेकल, म्हणजे छापील चिकटचित्र, पाण्यात भिजवून चिकटवतात आणि तिरप्या उजेडात त्याच्या पापुद्र्याची कड दिसते. तेवढ्यावर नक्कल ठरत नाही, कारण त्या काळी कारखानाही असेच डेकल चिकटवत असे. पाहायचे ते सोने. घरच्या प्रिंटरला धातूची झळाळी साधत नाही, आणि त्यातून निघणारे सोनेरी अक्षर उजेडात चमकण्याऐवजी पिवळट तपकिरी, जुनाट मोहरीच्या रंगाचे दिसते. भाच्याच्या फोटोत मोहरीच होती.

“पण मामा, मागे नंबर आहे ना!” हा त्याचा हुकमी एक्का होता. मान धडाला जिथे जोडतात तिथे मागे धातूची पट्टी असते आणि १९७६ पर्यंत क्रमांक त्याच पट्टीवर कोरलेला असे. या पट्टीवर सहा आकडे होते आणि त्याखाली ऐटबाज ‘एफ’ होता. असल्या पट्ट्या जुन्या धर्तीवर नव्याने बनवून क्रमांकासकट सुट्या विकल्या जातात, म्हणून सर्वांत अधिकृत वाटणारा हा पुरावा प्रत्यक्षात सर्वांत स्वस्तात मिळणारा असतो. त्यातही ‘एफ’ १९७२ ला चालणारा, पण पट्टीचे स्क्रू चार. स्ट्रॅटोकास्टरला १९७१ मध्ये तीन स्क्रूंची पट्टी आली आणि तिच्यासोबत मानेतला लोखंडी गज फिरवण्यासाठी डोक्याच्या बुंध्याशी बंदुकीच्या गोळीसारखे टोक बाहेर आले. इथे त्या जागी षटकोनी किल्लीचे साधे भोक होते.

फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या दांड्यांवर, मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण तिथे डेकल चिकटवता येत नाही. आधी ते मोजावेत. जुन्या स्ट्रॅटोकास्टरला २१ फ्रेट असत; या फोटोत २२ भरले, आणि भाच्याने ते पुन्हा मोजल्यावरही कमी झाले नाहीत. मग कडेकडेने पाहावे. १९७२ च्या मेपल मानेवर फ्रेट बसवल्यावर लॅकर चढवत, त्यामुळे फ्रेटच्या पायथ्याशी लॅकरची बारीक कड राहते आणि बोटे फिरतात तिथे लॅकर झिजून लाकूड काळवंडते. इथे फ्रेटच्या शेजारी कानशीचे आडवे ओरखडे होते, टोके इतकी टोकदार होती की फोटोतूनच तळहात हुळहुळावा, आणि ‘पन्नास वर्षे वाजवलेल्या’ त्या मानेवर एकही काळा डाग नव्हता. काकांनी ती अमेरिकेत केवळ पाहिली असावी.

एवढे सगळे पाहूनही एखाद्या गोष्टीवरून निकाल देणे मला मंजूर नाही. खऱ्या जुन्या गिटारीची मान बदललेली असते, फ्रेट नव्याने घातलेले असतात, आणि कारखानाही उरलेला माल नव्या वर्षात वापरत असे. खऱ्या गिटारीत मात्र अशा विसंगतीला कारण असते आणि मालक ते आपणहून सांगतो, बहुधा ऐकणारा कंटाळेपर्यंत. म्हणून मी भाच्याला सांगितले, “अरे, त्याला म्हणावं वरची प्लास्टिकची पट्टी उघडून आतल्या आवाजाच्या खुंट्यांचा फोटो पाठव.” त्या खुंट्यांवर कोरलेला आकडा १३७ ने सुरू झाला, तर ती सीटीएस कंपनीची, पुढचे चार आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. ७२०५ म्हणजे १९७२ चा पाचवा आठवडा. गिटार खुंटीपेक्षा जुनी असू शकत नाही, खुंटी बदललेली नसेल तर.

भाचा सरळमार्गी असल्यामुळे त्याने माझे सगळे आक्षेप, वर्षांसकट, विक्रेत्याला कळवले. आतला फोटो आला नाही. जाहिरातही नाहीशी झाली. पुढच्या आठवड्यात ती परत आली, शीर्षक ‘१९६३’ आणि किंमत दीड लाख.

त्या माणसाच्या अभ्यासूपणाला मी मनोमन दाद दिली. त्या साली छोटे डोके चालते, स्पॅगेटी लोगो चालतो, चार स्क्रूही चालतात, आणि ‘एफ’ची पट्टी काढून ‘एल’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची पट्टी लावली होती, जी त्या सुमारास खरोखरच येऊ लागली. फक्त १९६३ च्या स्ट्रॅटोकास्टरच्या मानेवर बोटांखाली रोझवूड असायला हवे होते. ही तर लख्ख पिवळी मेपल होती. बावीस फ्रेट बावीसच होते. गज फिरवायची जागा त्या काळी धडाकडच्या टोकाला असे, त्यामुळे डोक्याशी भोक असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि नव्या फोटोत ते दिसतही नव्हते, कारण गिटार धरणाऱ्याचा अंगठा नेमका त्यावर होता.

“मामा, आता तर सगळं जुळतंय,” भाच्याने लिहिले होते.

मी उत्तर धाडले : “त्याला अंगठा काढायला सांग.”