तिसऱ्या टेबलावरचा भात

"बाहेर मांडलेल्या जेवणात शेवटच्या टेबलावरचा भात आणि डाळ कोमट होती. वाढणाऱ्याला सांगितलं तर त्याने वरून गरम भात ओतला आणि म्हणाला, घ्या आता. पिण्याच्या पाण्याच्या ड्रमचं झाकण काढून लोक जग बुडवत होते. रात्री आमच्या घरातल्या दोघांना जुलाब झाले. एवढ्या उन्हात जेवण ठेवता, तर त्याची काळजी कोण घेणार? एक तारा."

नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्या दिवशीचे कागद आणि आमची वाढणारी मुलं, दोन्ही समोर बसवून विचारल्याशिवाय लिहायचं नव्हतं. भाताबद्दल आणि पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे.

जेवण साडेबाराला ठरलं होतं, कार्यक्रम लांबला आणि पहिलं ताट एक चाळीसला भरलं. आमच्या माणसांनी मात्र ठरल्या वेळेला, साडेबारालाच, इन्सुलेटेड डब्यांतलं अन्न काढून तिन्ही टेबलांवर मांडलं. इथेच चूक झाली. बंद डब्यात भात तासन् तास ७० अंशांच्या वर राहतो. टेबलावरच्या चेफिंग डिशला ते जमत नाही, तिचं काम गरम अन्न गरम ठेवण्यापुरतं, थंड झालेलं तापवण्याचं नाही. पाणी वरच्या भांड्याच्या बुडाला लागलेलं हवं आणि खालची ज्योत सरळ हवी. तिसरं टेबल मांडवाच्या कडेला होतं. वाऱ्याने जेलच्या डब्यांची ज्योत आडवी होत होती, एक तर विझलीच होती. दुपारच्या उजेडात ती निळी ज्योत दिसत नाही, त्यामुळे विझलेलं कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेर एवढं ऊन असताना अन्न गार कसं होईल, असं आमच्याच एका मुलाने विचारलं. ४० अंशांची हवा आपल्याला भाजते, पण ८० अंशांच्या भातासाठी ती गारच असते. शिवाय भात एकदा ४०-४५ वर उतरला की तिथेच रेंगाळतो, आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं.

गरम अन्न ६० अंश किंवा त्याच्या वर ठेवायचं, हा आमचा नियम. आमच्या तक्त्यावर पहिल्या दोन टेबलांच्या नोंदी दर अर्ध्या तासाने आहेत. तिसऱ्याची साडेबाराची नोंद ७४ अशी आहे, त्यानंतर थेट दोन वाजून पाच मिनिटांची, ४७. मधल्या दीड तासात कुणीही थर्मामीटर टोचला नाही.

४७ दिसल्यावर ते भांडं उचलून बाजूला ठेवायला हवं होतं. मुलाने केलं ते तुम्ही पाहिलंत. भात ओतल्यावर त्याने थर्मामीटर वरच्या थरात टोचला, ६६ आलं, आणि त्याला वाटलं, झालं काम. हा आकडा फसवा आहे. तुमच्या ताटात वरचा भात आला असेल की खालचा, ते डाव किती खोल गेला यावर ठरलं. सगळं ढवळून ६० वर आलं असतं तरी प्रश्न सुटला नसता. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यात मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यातल्या काही जातींनी केलेलं उलटी आणणारं विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून जुन्यावर नवं ओतायचं नाही. रिकामं भांडं उचलायचं आणि भरलेलं दुसरं ठेवायचं.

भात ६० च्या खाली नक्की किती वेळ होता, हे मला सांगता येणार नाही. बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त ऊन असेल तर आम्ही ६० च्या खाली उतरलेल्या अन्नाला एकच तास देतो, त्यानंतर ते टाकून देतो. कदाचित तो तास भरला नसेल. पण नोंद नाही म्हणजे भरला असंच धरायचं. डाळीचंही तेच. खोल पातेल्यातली दाट डाळ मधोमध फार हळू निवते, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा दुसरा जंतू ४३ ते ४७ अंशांच्या आसपास झपाट्याने वाढतो.

घरच्यांच्या त्रासाबद्दल मी निदान करणार नाही. वेळेवरून अंदाज तेवढा येतो. भातातल्या त्या विषाने उलट्या झाल्या तर बहुधा १ ते ६ तासांत होतात, परफ्रिंजेन्सचे जुलाब साधारण ६ ते २४ तासांनी आणि बहुतेक दिवसभरात थांबतात. दुपारी दोनला जेवण आणि रात्री जुलाब, हे दुसऱ्याशी जुळतं. पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नाही, ते शौचाच्या तपासणीतून कळेल. अजून ताप असेल, शौचातून रक्त जात असेल, लघवी कमी झाली असेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आम्ही प्रत्येक पदार्थाचा नमुना ७२ तास फ्रिजमध्ये ठेवतो. त्या दिवशीचा नमुनाही होता, पण तो स्वयंपाकघरातून भरलेला. तिसऱ्या टेबलावर काय झालं, हे तो सांगू शकला नसता, म्हणून त्याच्या आड मी लपणार नाही.

आता पाणी. सकाळी क्लोरीनची पट्टी लिटरला ०.५ मिलिग्रॅम दाखवत होती, म्हणजे भरलेलं पाणी ठीक होतं. बिघडलं ते नळापाशी. १८० माणसांना मी दोन नळांचा एकच ड्रम ठेवला होता. एक पेला भरायला सात-आठ सेकंद जातात, म्हणजे दोन्ही नळ मिळून मिनिटाला पंधरा-सोळा पेले. उन्हातून आलेला माणूस एका पेल्यावर थांबत नाही, रांग लांबली, आणि आमच्याच माणसाने झाकण उघडून जग दिला. त्या क्षणापासून पाण्यात प्रत्येकाचा हात जात होता. ड्रमवर ऊन होतं. उन्हाने आणि हाताच्या मळाने क्लोरीन उडतं, त्यामुळे सकाळच्या पट्टीला दुपारी काही अर्थ उरला नाही. बर्फही आत टाकला होता, तो कुठल्या पाण्याचा होता ते मी तपासलं नव्हतं. ही चूक फक्त माझी.

पुढच्या जेवणापासून ड्रमची झाकणं केबल टायने बंद असतील, ४० माणसांमागे एक नळ असेल, ड्रम सावलीत उंच स्टँडवर असतील, आणि बर्फ ड्रमच्या बाहेरून लावला जाईल. पहिला पाहुणा रांगेत आल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत. टेबलांवर लहान, उथळ भांडी, तीन बाजूंनी वारा अडवणारे पत्रे, आणि थर्मामीटर मधोमध, तळाजवळ टोचायचा. ५० माणसांमागे एक टेबल ठेवलं की रांग लवकर सरते आणि भांडं उघडं कमी वेळ राहतं. त्यासाठी माणसं वाढतील, खर्च वाढेल, तो मी सोसेन. नोंद भरण्याचं काम वाढणाऱ्याकडे नसेल. हातात डाव असलेला माणूस तक्ता भरत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

तुमच्या जेवणाचे पैसे परत करायचे आहेत. इथल्या संदेशातून बिल क्रमांक पाठवा, आणि जमलं तर घरातले कोण कोणत्या टेबलावर जेवले, पाणी प्यायले का आणि त्रास किती वाजता सुरू झाला, एवढं लिहा. तिसऱ्या टेबलावर जेवलेल्या बाकीच्यांनाही यजमानांमार्फत हेच विचारतो आहे. आतापर्यंत आणखी एकाने होय म्हटलंय.