शॉर्टमधल्या तोट्याला वरची हद्द नसते

"शॉर्ट सेलिंग सगळ्यात सेफ. जेवढ्याला विकला तेवढाच जास्तीत जास्त तोटा. शेअर ब्रोकर देतो, परत करायची घाई नसते. स्टॉप लॉस लावला की टेन्शन संपलं."

हा फॉरवर्ड माझ्या भाच्याकडे आला आणि तो बचत घेऊन उतरायला निघाला, म्हणून लिहितोय.

तोट्याबद्दलचं वाक्य सगळ्यात घातक आहे, कारण ते पूर्ण उलटं आहे. शॉर्टमध्ये तुम्ही दुसऱ्याचे शेअर उसने घेऊन विकता आणि तुमच्या डोक्यावरचं देणं रुपयांत नसतं, नगांत असतं. 100 घेतले तर 100च परत करायचे, मग त्या दिवशी भाव कितीही असो. भाव शून्याखाली जात नाही म्हणून फायदा ठराविक, वर जायला मर्यादा नाही म्हणून तोट्यालाही नाही.

जर्मनीतलं फोक्सवॅगनचं उदाहरण घ्या. 24 ऑक्टोबर 2008, शुक्रवारी शेअर साधारण 210 युरोला होता. रविवारी पोर्श या दुसऱ्या मोटार कंपनीने जाहीर केलं की आपल्याकडे फोक्सवॅगनचे 42.6 टक्के शेअर आहेत आणि आणखी 31.5 टक्क्यांचे ऑप्शन्स, म्हणजे त्या शेअरवरचे करार, आहेत. लोअर सॅक्सनी राज्याकडे 20 टक्के होतेच, म्हणजे बाजारात विकत मिळण्यासारखे उरले जेमतेम 6 टक्के, आणि शॉर्ट केलेले होते त्याच्या दुपटीच्या आसपास. सगळ्यांना परत करायला शेअर हवेत आणि विकणारा कोणी नाही! मंगळवारी भाव 1000 युरोच्या वर गेला. शुक्रवारी 100 शेअर शॉर्ट करणाऱ्याला जास्तीत जास्त 21,000 युरो मिळाले असते, पण मंगळवारी त्या वरच्या भावाला सोडवायचे तर जवळजवळ 79,000 खिशातून गेले.

स्टॉप लॉस म्हणजे भाव ठरवलेल्या पातळीला गेला की शेअर आपोआप परत घेणारी ऑर्डर, तिचंही उत्तर यातच आहे. 230 ला लावलेला असता तरी सोमवारी भाव उडीच मारून वर उघडला, म्हणजे ऑर्डर लागली असती ती मिळेल त्या भावाला, 230 ला नाही.

आता उसनवारीचं. आपल्याकडे दिवसात विकून दिवसातच परत घेतलं तर उसने घ्यावे लागत नाहीत, तेवढं ठीक. पण शेअर अपर सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या वरच्या भावमर्यादेला, अडकला आणि परत घेता आला नाही तर डिलिव्हरी चुकते, एक्सचेंज ऑक्शनमधून शेअर आणतं आणि तो खर्च तुमच्या माथी येतो. पोझिशन पुढे न्यायची तर एसएलबीमधून, म्हणजे शेअर उसने देण्याघेण्याच्या अधिकृत व्यवस्थेतून, शेअर घ्यावे लागतात, तिथे देणाऱ्याला फी द्यायची, सौदे पुरे करून देणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे मार्जिन, म्हणजे तारण, भरायचं, मधे डिव्हिडंड आला तर तोही मूळ मालकाला भरून द्यायचा, मुदतही ठरलेली असते. घाई नाही हे कुठून आलं?

एक मान्य करतो, फोक्सवॅगन नंतर खाली आला, दुसऱ्याच दिवशी जवळपास अर्धा झाला. पण भाव वर जाताना रोज वाढीव मार्जिन मागितलं जातं आणि ते भरता आलं नाही तर ब्रोकर तुमची पोझिशन त्याच चढ्या भावाला कापून टाकतो, अकाउंटमधले पैसे पुरले नाहीत तर उरलेली रक्कम तुमच्याकडून वसूल करतो.